सभेच्या मिनिट्सचा शेवट: 'पुढील सभा लवकरच कळवू' ऐवजी नेमकं काय लिहायचं?

नवाखुरा_सचिव (९ जून २०२५, रात्री १०.१५)

मंडळी, मार्चपासून आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालोय, म्हणजे कोणी तयार नव्हतं आणि मी त्या दिवशी उशिरा पोचलो म्हणून झालोय. पुणे, ४८ फ्लॅट, कमिटी ११ जणांची. काल रविवारी (८ जून) महिन्याची मीटिंग झाली, दोन तास, भांडणं सोडून सगळं बरं झालं. आज मिनिट्स लिहायला बसलो आणि आधीच्या सेक्रेटरींचं रजिस्टर नमुना म्हणून समोर घेतलं तर गेल्या वर्षभरातल्या प्रत्येक मीटिंगचा शेवट जवळपास एकसारखाच आहे, तसाच मीही लिहिला:

"पाण्याच्या टाक्या पावसाळ्यापूर्वी साफ करून घेण्याचे ठरले. लिफ्टच्या एएमसीसाठी कोटेशन मागवण्यात यावीत असे ठरले. फायरच्या फॉर्म बी बाबत पाठपुरावा करण्यात यावा. सी विंगच्या गच्चीच्या गळतीबाबत सविस्तर चर्चा झाली. पुढील सभेची तारीख लवकरच कळवण्यात येईल. अध्यक्षांचे आभार मानून सभा संपली."

लिहून झाल्यावर मागची पानं चाळली तर लिफ्टची कोटेशन फेब्रुवारीत पण "मागवण्यात यावीत" आणि एप्रिलमध्ये पण. टाकीचं तर विचारूच नका, पाऊस येऊन पोचला. मग वाटलं, शेवट जरा वेगळा लिहावा, पुढची मीटिंग कधी आणि कोणतं काम कोणाकडे ते टाकावं. पण नेमकं कसं लिहायचं, आणि मीटिंगमध्ये कोणाकडे द्यायचं हे ठरलंच नसेल तर मी परस्पर नावं टाकू का? कोणी हे नीट केलेलं असेल तर सांगा.

नियमांचं_पुस्तक (९ जून, रात्री १०.५२)

कमिटीची सभा दर महिन्याला घेणं बंधनकारकच आहे, म्हणून मिनिट्समध्ये पुढच्या सभेची तारीख लिहायचीच, आणि एकदा ती लिहिली की वेगळी नोटीस काढायची गरज नाही, मिनिट्स हीच नोटीस. आमच्याकडे असंच करतो.

फाईलवाले_काका (९ जून, रात्री ११.३०)

नियमवाले साहेब, अर्धं बरोबर आहे तुमचं. कमिटीने महिन्यातून निदान एकदा भेटायचं हे आदर्श उपविधीत आहे, ते खरं. पण कमिटी सभेची नोटीस वेगळी काढावी लागते आणि तिला तीन पूर्ण दिवस द्यायचे असतात, म्हणजे नोटिशीचा दिवस आणि सभेचा दिवस सोडून मधले तीन. मिनिट्समधली तारीख ही फक्त हजर असलेल्यांनी एकमेकांना दिलेला शब्द. जो त्या दिवशी आलाच नव्हता त्याला उद्या "तुम्हाला माहीत होतं की" असं म्हणता येणार नाही. तारीख लिहा आणि नोटीसही काढा.

आता सचिव महाराज तुमचं. मी दोन सोसायट्या मिळून चौदा वर्षं सेक्रेटरी होतो, त्याआधी नोकरीतही रजिस्टरंच लिहिली. तुमचा घोळ शेवटच्या वाक्यात नाहीये, तो "ठरले" या शब्दात आहे. आपल्या मराठी इतिवृत्ताची भाषाच अशी आहे की करणारा माणूस त्यात सापडत नाही. "मागवण्यात यावीत." कोणी? "पाठपुरावा करण्यात यावा." कोणी? वाचताना एकदम सरकारी आणि भारदस्त वाटतं, आणि कमिटीतले ११ही जण ते वाचून निवांत झोपतात कारण त्यात त्यांचं नाव नाही. मागच्या पानांवर असलं एकेक वाक्य शोधा आणि त्याला "कोण" विचारा, उत्तर येत नसेल तर ते काम झालेलं नसणार, मी न बघता सांगतो.

निर्णय लिहिताना "ठरले" असू द्या, तो कमिटीचाच असतो. पण शेवटी जो तुकडा लिहाल तिथे वाक्य माणसाच्या नावाने सुरू करा. "खजिनदार २२ जूनपर्यंत टाकी साफ करणाऱ्याला बोलावून काम करून घेतील." बस. क्रियापद आपोआप सरळ होतं.

टाईमपास_ठाणे (१० जून, सकाळी ८.०५)

एजीएम ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते ना, मग आत्तापासून तारीख कशी टाकणार, ऑडिटच झालेलं नसेल? आमच्या एजीएमला तर कोरमच होत नाही, अर्धा तास थांबून मग सुरू करतो. यावर काही उपाय?

फाईलवाले_काका (१० जून, सकाळी ८.४०)

ठाणेकर, इथे महिन्याच्या कमिटी मीटिंगचं चाललंय, एजीएमचं नाही. कोरमवर स्वतंत्र धागा काढा, चहा घेऊन येतो तिकडे.

नवाखुरा_सचिव (१० जून, सकाळी ९.२०)

काका, "कोण" वालं एकदम पटलं, रात्रीच सहा महिन्यांची पानं तपासली, खरंच तसंच निघालं. आता हे बघा, असं लिहिलं तर?

"पुढील सभा: जुलैचा पहिला रविवार, सकाळी. टाकी: खजिनदार. लिफ्ट कोटेशन: बी विंगचे दोघे मेंबर. फॉर्म बी: अध्यक्ष. गच्ची: कमिटी."

खजिनदार त्या दिवशी आले नव्हते पण पैसे त्यांच्याकडे असतात म्हणून टाकीचं त्यांना दिलं. बी विंगचे दोघे अशासाठी की एक बाहेरगावी गेला तर दुसरा असेल.

रात्रपाळी (१० जून, दुपारी १.१०)

हिंजवडीत क्लायंट कॉलच्या मिनिट्स लिहून आयुष्य चाललंय माझं, तर दोन पैसे माझे पण. "जुलैचा पहिला रविवार, सकाळी" असं कधी लिहू नका. कॅलेंडर उघडा, पहिला रविवार ६ जुलै आहे आणि त्या दिवशी आषाढी एकादशी. निम्मी कमिटी उपासाला नाहीतर विठ्ठलाला. वार, तारीख, वेळ, जागा चारही लिहा. वार आणि तारीख दोन्ही लिहायचं कारण असं की एक चुकलं तर जुळत नाही आणि कोणीतरी लगेच ओरडतं, नुसती तारीख चुकली तर कोणाच्या लक्षातच येत नाही.

आमच्याकडे एप्रिलमध्ये झालेला किस्सा सांगतो. न्यू जर्सीच्या क्लायंटबरोबर कॉल, समरीच्या शेवटी एकाने लिहिलं "पुढचा कॉल गुरुवार २४ एप्रिल, रात्री ८.३० ईएसटी". आता मार्चमध्ये तिकडे घड्याळं एक तास पुढे गेलेली, म्हणजे तेव्हा हिवाळ्यातलं ईएसटी नाही तर उन्हाळ्यातलं ईडीटी चालू होतं, पण लोकांच्या बोटांना ईएसटीच लिहायची सवय. आमच्या पोराने ईएसटी शब्दशः धरून हिशोब केला, शुक्रवार सकाळी ७. खरी वेळ होती सकाळी ६. तिकडे क्लायंट एकटा बसलाय, इकडे आमचे लोक दात घासतायत. तेव्हापासून मी झोनचं नावच लिहीत नाही, दोन्ही गावांची भिंतीवरची वेळ लिहितो: "न्यू जर्सी गुरुवार २४ एप्रिल रात्री ८.३०, पुणे शुक्रवार २५ एप्रिल सकाळी ६.००". तारीख पण दोन्हीकडची, कारण ती बदलते.

अजून एक, हे सगळं शेवटी कशाला, सगळ्यात वर टाका की. शेवटपर्यंत वाचतो कोण?

फाईलवाले_काका (१० जून, दुपारी ३.४५)

रात्रपाळी, वार-तारीख दोन्ही लिहायचं कारण छान सांगितलंत, मी नुसता सवयीने लिहीत होतो.

वर की खाली याचं माझं असं की रजिस्टरमध्ये शेवटीच. एक म्हणजे सभा जशी झाली त्या क्रमाने लिहायचं असतं, आणि दुसरं म्हणजे पुढच्या महिन्यात रजिस्टर उघडलं की शेवटचं पानच आधी दिसतं, त्याच्याच खाली नवी सभा सुरू होते. तुमची शेपटी, म्हणजे हा शेवटचा तुकडा, पुढच्या सभेचा पहिला विषय असते, "मागील सभेतील कामांचा आढावा", तिथूनच वाचायला सुरुवात. पण व्हॉट्सॲपवर मात्र रात्रपाळींचं बरोबर. तिथे लांब मेसेज मधेच तुटतो आणि "आणखी वाचा" येतं, ते कोणी दाबत नाही. म्हणून तेवढी शेपटी वेगळा मेसेज म्हणून टाकायची, त्याच संध्याकाळी, पूर्ण मिनिट्स सावकाश येऊ द्या.

आता सचिव, तुमच्या मसुद्यात तीन खड्डे आहेत.

"गच्ची: कमिटी" म्हणजे तेच जुनं "करण्यात यावे", नवीन कपडे घालून आलंय.

"बी विंगचे दोघे" म्हणजे प्रत्येकाला वाटणार दुसरा करेल. हे मी हात भाजून शिकलोय. आमच्याकडे एकदा रंगकामाची कोटेशन दोघांना दिली होती, पुढच्या सभेत दोघेही एकमेकांकडे बघून हसले, एक म्हणाला मला वाटलं तुम्ही आणताय. दोघं करोत की चौघं, सभेत उभं राहून उत्तर कोण देणार तो एकच. त्याचं नाव लिहा, मग त्याने मदत कोणाचीही घ्यावी.

आणि तिसरा खड्डा सगळ्यात खोल, हजर नसलेल्या खजिनदाराला काम देणं. तो ग्रुपवर वाचणार, "मला न विचारता?" आणि तिथेच संपलं. न आलेल्या माणसाला काम देता येत नाही, फक्त विचारता येतं. आणि ते विचारणं हे हजर असलेल्या कोणाचं तरी काम असतं. म्हणजे लिहायचं असं: "टाकीच्या कामाबद्दल खजिनदारांशी सेक्रेटरी मंगळवार १० जूनपर्यंत बोलतील, ते हो म्हणाले तर काम त्यांच्याकडे, नाही तर सेक्रेटरींकडे."

मंगळवार आजच आहे. फोन लावा.

बचतगटवाली_ताई (१० जून, संध्याकाळी ७.२५)

काका नमस्कार, सगळं वाचलं. मी संगमनेरकडची, आमच्या महिला बचत गटाची सचिव. आमच्यात तारखेची कटकटच नाही, बैठक दर महिन्याच्या ५ तारखेला, वार कुठला का असेना, आणि जागा म्हणजे घर पाळीने. नियमित बैठक तर आमच्या पंचसूत्रीतच येते. म्हणून प्रोसिडिंगच्या शेवटी आम्ही फक्त "पुढची बैठक ५ तारखेला, अमक्या ताईंच्या घरी, दुपारी ३" एवढंच लिहितो. घर लिहिलं नाही की अर्ध्या बाया जुन्या घरी जाऊन बसतात, झालंय तसं.

पण एक माणूस एक काम हे आमच्यात बसत नाही हो. बँकेतून पैसे काढायचे तर अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सह्या लागतात, दोघींना जावंच लागतं. मग तिथे एकीचं नाव कसं लिहू? आणि आमच्या निम्म्या जणींना वाचता येत नाही, तर लिहून उपयोग काय, आम्ही उठायच्या आधी मोठ्याने वाचतो आणि जिचं नाव आलं तिने "हो" म्हणायचं, तेव्हाच सही-अंगठा.

फाईलवाले_काका (१० जून, रात्री ९.००)

ताई, तुम्ही जे करता ते आमच्या शिकल्यासवरल्या कमिट्यांना जमत नाही. खुर्च्या सरकायच्या आधी मोठ्याने वाचायचं आणि तोंडाने "हो" घ्यायचं, हाच खरा गाभा आहे, कागद नंतरचा. सचिवांनी पहिल्या पोस्टमध्ये विचारलं होतं ना, ठरलं नसेल तर परस्पर नाव टाकू का, त्याचं उत्तर हे. टाकू नका. सभेची शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा, वाचा, हो म्हणवून घ्या, मग लिहा. पाच मिनिटं नसतील तर चर्चा कापा, हे कापू नका.

बँकेचं म्हणाल तर सह्या दोघींच्या, पण दोघींना एकाच दिवशी बँकेत आणायची जबाबदारी कोणा एकीची? तिचं नाव.

बचतगटवाली_ताई (१० जून, रात्री ९.१८)

ती मीच असते काका, नेहमी. म्हणूनच तर लिहीत नाही 😄

गच्चीवरची (११ जून, सकाळी ११.००)

मला एक खटकतंय. आमच्या सोसायटीत मिनिट्स नोटीस बोर्डावर लागतात, आणि एका सेक्रेटरींनी हाच प्रकार सुरू केला, नाव, काम, तारीख, आणि न झालेल्या कामापुढे लाल पेनने "प्रलंबित". एका वयस्कर मेंबरच्या घरी दुखणं चालू होतं, काम राहिलं, दोन महिने त्यांचं नाव लाल शाईत बोर्डावर. त्यांनी राजीनामा दिला. फुकटात काम करणाऱ्या माणसांना ऑफिससारखं वागवायचं का? रात्रपाळींना पगार मिळतो, आमच्या कमिटीला कोण देतं.

रात्रपाळी (११ जून, सकाळी ११.४०)

पगार मिळतो म्हणून नाव लिहिलेलं आवडतं असं काही नाही ताई 🙂

फाईलवाले_काका (११ जून, दुपारी १२.३०)

गच्चीवरची ताई, लाल शाई चूकच. पण मी दर महिन्याला काम पुढे ढकललं की त्याच्यापुढे "प्रथम ठरले: अमुक महिना" एवढं लिहीत जायचो, निळ्याच शाईत. ते माणसाला नव्हे, कामाला लागायचं. तिसऱ्या महिन्यातही तीच ओळ तशीच आली की कमिटीला विचारायचो, हे काम खरंच करायचंय का? कधी उत्तर यायचं की नको, मग काढून टाकायचं, त्यात लाज कसली. कधी कळायचं की काम एका माणसाच्या आवाक्यापेक्षा मोठं आहे, तुमच्या सचिवांची गच्ची बघा ना. "गच्चीची गळती दुरुस्त करणे" हे कोणाच्याही नावावर टाकलं तरी तो मरेल. पण "सी विंगच्या वरच्या मजल्यावरच्या तिन्ही घरांत जाऊन ओल कुठे आहे त्याचे फोटो काढणे, २९ जूनपर्यंत" हे कोणीही करेल. शेपटीत पूर्ण काम लिहायचं नाही, पुढच्या सभेपर्यंत होईल एवढीच पायरी लिहायची.

बोर्डावर नावं लावायची की नाही यावर माझं काही ठाम नाही. मी लावायचो, पण ती सोसायटी लहान होती, सगळे घरचेच.

गच्चीवरची (११ जून, दुपारी १.०५)

पायरीचं पटलं. बोर्डाचं नाही पटलं. कमिटीच्या ग्रुपवर ठेवा, बोर्डावर नुसते निर्णय लावा.

नियमांचं_पुस्तक (११ जून, दुपारी २.२०)

मेंबरला मिनिट्स बघायचा हक्क असतो, लपवून चालणार नाही.

गच्चीवरची (११ जून, दुपारी २.२८)

बघायला मागणं वेगळं आणि लिफ्टसमोर चिकटवणं वेगळं.

नवाखुरा_सचिव (११ जून, रात्री १०.४०)

फोन केला काका, खजिनदार आधी चिडले मग हो म्हणाले, पण म्हणाले टँकरवाल्याचं आणि टाकीवाल्याचं दोन्ही माझ्या गळ्यात नको, फक्त टाकी. बाकीच्यांनाही एकेक करून फोन केले, कारण मीटिंग तर होऊन गेलेली. आज हा मेसेज ग्रुपवर टाकला (इथे नावं काढून पदं लिहिलीत):

"पुढची कमिटी मीटिंग: रविवार १३ जुलै २०२५, सकाळी १०.३०, क्लब हाऊस. (६ जुलैला आषाढी असल्याने नाही.) नोटीस वेगळी येईल.
टाकी: खजिनदार २२ जूनपर्यंत दोन्ही टाक्या साफ करून घेतील.
लिफ्ट: बी-४०३ चे मेंबर ६ जुलैपर्यंत तीन कंपन्यांची लेखी कोटेशन ग्रुपवर टाकतील, तिन्हींमध्ये पार्टस धरून की सोडून ते लिहिलेलं हवं. प्रथम ठरले: फेब्रुवारी.
फॉर्म बी: अध्यक्ष लायसन्स असलेल्या एजन्सीला ३० जूनपर्यंत तपासणीला बोलावतील, फॉर्म जुलैत द्यायचा आहे.
गच्ची: सेक्रेटरी २९ जूनपर्यंत सी विंगच्या तीन घरांतले ओलीचे फोटो काढतील."

गच्चीचं कोणी घेतलं नाही म्हणून मीच घेतलं. लिफ्टमधलं पार्टसचं बी-४०३ वाल्यांनीच सुचवलं, म्हणाले मागच्या वेळी एक कोटेशन स्वस्त दिसलं होतं ते पार्टस सोडून होतं, तुलनाच करता आली नाही.

फाईलवाले_काका (१२ जून, सकाळी ७.५०)

झकास. फॉर्म बी जानेवारीत पण द्यायचा असतो, तो आत्ताच डायरीत टाका. आणि एक, तारीख बदलली तर जुना मेसेज तसाच राहू द्या, लोकांनी स्क्रीनशॉट काढलेले असतात. नवा मेसेज टाका, "रविवार १३ जुलै रद्द, त्याऐवजी अमुक" असं दोन्ही लिहून.

रात्रपाळी (१२ जून, सकाळी ९.३०)

"कोटेशन मागवणे" चं "तीन लेखी कोटेशन ग्रुपवर" झालं हे भारी. आमच्याकडे अर्धी भांडणं याचीच, एक म्हणतो मी मेल केला म्हणजे माझं काम झालं, दुसरा म्हणतो उत्तर कुठाय.

टाईमपास_ठाणे (१२ जून, सकाळी १०.१५)

मेसेज चोप्य पस्ते करतोय आमच्या ग्रुपवर, चालेल ना? आषाढीचं काढून टाकतो.

नवाखुरा_सचिव (१३ जुलै, दुपारी २.०५)

आत्ताच मीटिंग झाली, हिशोब देतो. ११ पैकी ९ हजर, जूनमध्ये ७ होते, पण आज पाऊस नव्हता त्यामुळे श्रेय कोणाला ते माहीत नाही. टाकी झाली, २१ जूनलाच. फॉर्म बी साठी एजन्सी येऊन गेली, त्यांनी दोन होज पाईप बदलायला सांगितलेत, ते झाल्यावर फॉर्म देणार, हा महिना संपायच्या आत. गच्चीचे फोटो माझ्याकडे आहेत, दोन घरांचे. तिसरं घर बंद, मालक दुबईला, हे मला २८ जूनला कळलं कारण मी २८ पर्यंत गेलोच नव्हतो.

लिफ्ट: दोनच कोटेशन आली. बी-४०३ वाले म्हणाले तिसरी कंपनी फोन उचलत नाही. मग वादावादी, दोनवर निर्णय घ्यायचा की थांबायचं, एकाने तर परत "मागवण्यात यावे" म्हणायला तोंड उघडलं आणि अध्यक्ष म्हणाले "कोण?" सगळे हसले. तरी निर्णय नाही झाला.

शेवटची पाच मिनिटं मी वाचून दाखवायला घेतली तोवर तिघं उठून गेले होते, त्यातल्या एकाकडे काम आहे. आता त्याला फोन करायचं काम माझं, उद्या रात्रीपर्यंत.

पुढची मीटिंग रविवार १० ऑगस्ट, सकाळी १०.३०. आदल्या दिवशी राखीपौर्णिमा आहे, बायका माहेरून परतलेल्या नसतील असं एक जण म्हणतोय, पण कमिटीतल्या तिघी जणी म्हणाल्या आम्ही इथेच आहोत, तुम्ही तुमचं बघा.

बचतगटवाली_ताई (१३ जुलै, दुपारी ३.३०)

भाऊ, वाचून दाखवायचं चहाच्या आधी करा. आमच्यात चहा शेवटी असतो, वाचल्याशिवाय मिळत नाही.